शेवटाला पाणी पोचलं का?

व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेली सहकारी मंडळी, आणि मागच्या भिंतीशी पंख्याखालची जागा सकाळपासून धरून बसलेले अनुभवी लोक,

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. आज ३१ मे. या सभागृहात आज मी एकटाच निवृत्त होत नाहीये. दोन उपअभियंते, एक आरेखक, लेखा शाखेतले आमचे मित्र आणि खालच्या मजल्यावरचे वाहनचालक, असे सगळे मिळून आम्ही एकाच मांडवात उभे आहोत. परक्या माणसाला वाटेल, एकाच दिवशी इतके लोक जन्मले म्हणजे तो दिवस फार शुभ असणार. तसं काही नाही. आमच्या पिढीत पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी पोराकडे बघायचे, बापाकडे बघायचे, बाप आढ्याकडे बघायचा, आणि मग गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. आणि नियम असा, की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीलाच घरी जातो. म्हणून दरवर्षी ३१ मे या दिवशी महाराष्ट्र शासन निम्मं रिकामं होतं आणि हारवाल्यांची दिवाळी होते.

माझी आई सांगायची, तुझा जन्म नदीला पूर आला त्या रात्रीचा. आता आमच्या गावच्या नदीला १ जूनला पूर येणं शक्य आहे का, हे मी नोकरीत लागल्यावर पर्जन्यमापकाच्या जुन्या वह्या काढून तपासलं. शक्य नाही. म्हणजे शासनानं मला महिना-दोन महिने आधीच घरी धाडलंय. पण ते प्रकरण आता काढत नाही. काढलं तर मीच सही केलेल्या कुठल्यातरी परिपत्रकात अडकायचं.

आत्तापर्यंत सहा वक्ते बोलले आणि सहांपैकी चौघांनी माझी तुलना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांशी केली. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि विश्वेश्वरय्या हे तीन लागतातच, त्याला माझी हरकत नाही. पण फरक सांगायला हवा. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते दरवाजे आपले आपण उघडायचे, पाणी उतरलं की आपले आपण मिटायचे. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या ताब्यातला एकही दरवाजा आपला आपण उघडला नाही. तो उघडायला रात्री दोन वाजता एक खलाशी लागला, एक कंदील किंवा विजेरी लागली, एक पान्हा लागला, आणि तो पान्हा कुठे ठेवलाय हे ठाऊक असलेला एक माणूस लागला. मी आज ज्यांचे आभार मानायला उभा आहे ती ही माणसं. त्यांच्यातले बरेचसे आज आलेले नाहीत, कारण उन्हाळी पाळी चालू आहे आणि कालव्यावर कोणीतरी लागतंच.

पाटबंधाऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला दोनच काळज्या येतात. धरणात पाणी जिथं जाऊ नये तिथं जातं, आणि कालव्यात जिथं जायला हवं तिथं जात नाही. बाकी सगळं टपाल.

पहिल्या काळजीबद्दल आधी बोलतो. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. मधे काळ्या मातीचा गाभा घाला, दोन्ही अंगांना मुरूम टाका, दाबून दाबून रोलर फिरवा, तरी ते वाट काढतं. म्हणून आपण त्याला वाट देतो. आत वाळूचा गाळणथर घालतो, पायथ्याला नाली काढतो आणि म्हणतो, बाबा, जायचं तर इथून जा, आणि किती गेलास ते सांगून जा. ते मोजायला नालीच्या तोंडाशी पत्र्याची त्रिकोणी खाच बसवलेली असते. व्ही-नॉच. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतंय ते पट्टीवर बघायचं आणि वहीत लिहायचं. रोज सकाळी. पावसात, सणाला, मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.

मी शाखेवर नवा होतो तेव्हा अशाच एका धरणावर एक चौकीदार होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही मामाच म्हणायचो. वही कापडात बांधलेली, पेन्सिल कानावर. त्या वर्षी धरण भरलेलं होतं आणि खाचेवरचं पाणी दहा सेंटिमीटरवर स्थिर होतं. एका सकाळी वहीत पंधरा लागलं. पाच सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्रिकोणी खाचेची गंमत अशी, की पाणी जसं वर चढतं तशी खाच रुंद होत जाते. नव्वद अंशांच्या खाचेतून दहा सेंटिमीटरला सेकंदाला साधारण साडेचार लिटर पाणी जातं, आणि पंधराला बारा लिटर. उंची दीडपट, पाणी पावणेतीनपट. हा हिशेब ज्याला येतो त्याची झोप उडते. ज्याला येत नाही तो सुखी असतो, पण त्याला आपण पाटबंधाऱ्यात घेत नाही.

वहीतला तो आकडा बिनतारीवरून उपविभागाला गेला, तिथून विभागाला, तिथून मंडळाला. दुपारी चारपर्यंत धरणाच्या पायथ्याशी पाच जीपगाड्या उभ्या. गाभ्यात काय झालं असेल, गाळणथर तुंबला असेल का, जलाशयाची पातळी उतरवायची का, यावर छत्र्या धरून चर्चा. एका साहेबांनी तर भरावावर उमटलेल्या गाईच्या खुरांत खचल्याची लक्षणं पाहिली. मामा बाजूला उभे. शेवटी मी हळूच विचारलं, ‘मामा, तुम्हाला काय वाटतं?’ मामा म्हणाले, ‘साहेब, शेरा वाचा ना.’

वहीत आकड्याच्या पुढे शेऱ्याचा रकाना असतो. त्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘खाचेत गुटख्याची पुडी अडकली होती. काढली. नंतर १०.’

खाच पुडीनं निम्मी बुजली, मागे पाणी फुगलं आणि पट्टीवर पंधरा दिसलं. इतकंच झालं होतं. मी मामांना म्हटलं, अहो, मग पंधरा लिहिलंतच कशाला? पुडी काढून नुसतं दहा लिहायचं. त्यावर मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदवी घरी विसरून आलोय की काय असं मला वाटलं. ते म्हणाले, ‘दिसलं ते आधी लिहायचं. मग हात लावायचा. उद्या पुडी नसताना पंधरा आलं, तर तुम्ही म्हणाल पुडी असंल.’

तेव्हापासून कुठलीही नोंदवही समोर आली की मी आधी उजव्या कडेचा शेरा वाचतो. मुख्य अभियंता झाल्यावरही ती सवय गेली नाही. माझ्या सहीला उशीर व्हायचा त्याचं हे कारण आहे. नस्ती दाबून ठेवतो अशी जी कुजबूज होती ती खरी नव्हे. निदान सगळी खरी नव्हे.

मामांच्या चौकीत खिडकीत दोन पांढऱ्या काचेच्या बाटल्या असायच्या. मला आधी वाटलं, रात्रीची सोय असेल. तसं नव्हतं. एका बाटलीत खाचेचं ताजं पाणी आणि दुसरीत विहिरीचं. रात्रभर न हलवता ठेवायच्या आणि सकाळी उजेडात धरून तळ बघायचा. धरणातून पाणी भरपूर येतंय पण स्वच्छ येतंय, तर लक्ष ठेवायचं आणि झोपायचं. पाणी थोडंसंच येतंय पण गढूळ, बाटलीच्या तळाशी मातीची साय बसतेय, तर झोपायचं नाही, कारण मग पाण्याबरोबर धरण निघालेलं असतं, कणाकणानं, आतून. वर पिचिंग जागच्या जागी, माथ्यावरचा रस्ता सरळ, सगळं देखणं, आणि पोटात बीळ पडत चाललेलं. त्याला आपण पुस्तकात मोठं नाव देतो. मामा नुसतं ‘माती येतीय’ म्हणायचे. त्या दोन शब्दांवर कार्यकारी अभियंता अंगावर सदरा घालत पळत आलेला मी पाहिला आहे.

पुण्याकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण आमच्या प्रत्येक वरिष्ठाच्या बोलण्यात ते धरण जिवंत होतं. विमोचकाचं काम अपुरं असताना पाणी साठलं, त्याच्या वरचा भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली आणि सकाळी पाणी माथ्यावरून गेलं. मग खालचं खडकवासला गेलं आणि पुण्यात पाणी शिरलं. त्या पिढीचे साहेब तपासणीला आले की सगळ्यात आधी विमोचकाच्या बाजूला, जिथं माती बांधकामाला भिडते तिथं, जाऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. काठी टोचून बघायचे. आम्हाला वाटायचं, साहेबांना काठीची सवय आहे.

आता दुसरी काळजी. कालवा. धरण बांधलं की फीत कापता येते, फोटो निघतो, जलपूजनाला साडीचोळी सोडता येते. कालव्याच्या शेवटाला पाणी पोचल्याचा फोटो मी तरी कुठल्या वर्तमानपत्रात पाहिलेला नाही. पोचलं नाही तर मात्र निघतो, आणि त्यात मध्यभागी मी असतो, तोंड उघडं असलेला.

आपल्याच एका कालव्याचा हिशेब सांगतो. साठ किलोमीटर लांबी, तोंडाशी दोनशे क्युसेक. मातीच्या कालव्यात ओल्या होणाऱ्या दर दहा लाख चौरस फुटांमागे आठेक क्युसेक मुरतात, असं धरून आपण आराखडा करतो. तळ आणि दोन्ही बाजू मिळून सरासरी पंचवीस फूट ओले धरले, तर साठ किलोमीटरला जवळजवळ पन्नास लाख चौरस फूट होतात. म्हणजे चाळीस क्युसेक जमिनीनं घेतले. कोणी चोरी केली नाही, कोणी गेट वाकवलं नाही, तरी पाचातला एक हिस्सा गेला. त्यात पाण्याचा वेग सेकंदाला दोन फूट. नुसतं चालत गेलं तरी शेवटाला सव्वा दिवस लागतो, आणि पहिल्यांदा कोरड्या कालव्यात सोडलं तर दोन-तीन दिवस, कारण तळ आधी आपली तहान भागवतो. हे सगळं मी सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी सांगितलं. दरवर्षी सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दरवर्षी पाणी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या गावातून फोन आला, ‘साहेब, पाणी कुठंय?’

तर त्या कालव्यावर एक वर्ष असं आलं, की मुरण्याचा हिशेब धरूनही शेवट कोरडा. बाविसाव्या किलोमीटरच्या फ्ल्यूमवर गेज ठीक, एकतिसाव्याच्या फ्ल्यूमवर कमी. मधल्या नऊ किलोमीटरमध्ये सहा क्युसेक मुरावेत. कधी सहा दिसायचे, कधी तीस, कधी तर उणे, म्हणजे खाली वरच्यापेक्षा जास्त पाणी! मधेच पाण्याची पैदास होतेय असं मंडळाला कळवायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. मोजणीदारांवर ठपका आला. गेजच्या पट्ट्या बदलल्या. एक समिती नेमली. समितीनं दुसरी समिती नेमण्याची शिफारस केली.

त्या शाखेवर तेव्हा एक कनिष्ठ अभियंता बाई नव्यानं आल्या होत्या. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांना हे बोललेलं आवडणार नाही, म्हणून नाव घेत नाही. त्यांनी काय केलं, तर दोन्ही फ्ल्यूमच्या वह्या मागवल्या आणि घरी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांच्या लक्षात आलं, की आपण सगळे दोन्हीकडचं एकाच वेळेचं गेज घेऊन वजाबाकी करतोय. रात्री दहाचं वरचं, वजा रात्री दहाचं खालचं. पण दहा वाजता बाविसाव्यावरून गेलेलं पाणी एकतिसाव्याला दोनच्या सुमाराला पोचतं. वर दिवसभर गेज हलतं राहिलं, तर एकाच वेळची वजाबाकी म्हणजे निघालेली गाडी आणि पोचलेली गाडी वेगवेगळ्या धरून प्रवासी मोजणं. त्यांनी चार तास सरकवून पुन्हा वजाबाकी केली. दिवसाची तूट सहा, बरोबर हिशेबाएवढी. रात्रीची सव्वीस. रोज, नेमानं, तिन्हीसांजेनंतर सुरू आणि कोंबडा आरवायच्या आत बंद.

त्या माझ्याकडे आल्या. मी तेव्हा कार्यकारी अभियंता. त्यांचं टिपण वाचून मला नीटसं कळलं नाही, म्हणून मी त्यावर ‘चर्चा करावी’ असं लिहिलं. तरुण मंडळींना सांगून ठेवतो, साहेब ‘चर्चा करावी’ लिहितात तेव्हा त्याचा अर्थ तोच असतो. बाई समोर बसल्या, पेन घेतलं, आणि म्हणाल्या, ‘सर, चार इंची डोंगळा साधारण अर्धा क्युसेक ओढतो. रात्री वीस क्युसेक जास्त जातात. मधल्या टप्प्यात चाळीसेक डोंगळे असणार.’ मी विचारलं, तुम्ही पाहिलेत? म्हणाल्या, ‘नाही. वहीत दिसतात.’

आम्ही रात्री निघालो. दिवे विझवलेली जीप, दोन चौकीदार, एक कालवा निरीक्षक, आणि बाई. कालव्याच्या भरावावरून आडवे टाकलेले काळे पाइप, एक तोंड पाण्यात, दुसरं पलीकडच्या उसात, वर गवत पांघरलेलं. चाळीसला दोन-तीन कमी निघाले. एका पाइपाचा मालक तर ‘शेवटाला पाणी मिळालंच पाहिजे’ या मोर्चाचा पुढारी निघाला. त्यानं शांतपणे सांगितलं, ‘साहेब, मागणी आपली तत्त्वाची आहे. ऊस वेगळा.’ ते उत्तर मला इतकं आवडलं की पंचनाम्यात तसंच लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी शेवटाला पाणी पोचलं. दुसऱ्या समितीचा अहवाल त्यानंतर वर्षभरानं आला. त्यात गेजच्या पट्ट्या बदलाव्यात अशी शिफारस होती.

कालव्याबद्दल आणखी एक सांगतो आणि मग बसतो. हे तुम्हाला पटणार नाही, कारण निवृत्त होणारा माणूस ‘शेवटचं एक’ म्हणाला की पाव तास धरायचा असतो.

कालवा फुटतो तो बहुधा मधोमध कुठे फुटत नाही. नाल्यावरून जलसेतू जातो तिथं, मोरीपाशी, जिथं मातीचा भराव दगडी बांधकामाला टेकतो तिथं फुटतो. त्या सांध्यात खेकडा घर करतो. खेकड्याला आपल्या संकल्पचित्राची कल्पना नसते. एका आवर्तनात रात्री बारानंतर चौतिसाव्या किलोमीटरला असंच भगदाड पडलं. खाली कांद्याची वावरं आणि एक वस्ती.

अशा वेळी नव्या माणसाचा पहिला विचार काय येतो? मुख्य दरवाजा बंद करा. बरोबर आहे, करावाच लागतो. पण दरवाजा चौतीस किलोमीटर मागे. तो आत्ता बंद केला तर फुटलेल्या जागी पाणी थांबायला पंधरा तास लागतील, कारण मधल्या कालव्यात भरलेलं पाणी कुठं जाणार? ते येणारच. शिवाय भरलेला कालवा एकदम रिकामा केला तर जिथं अस्तर असेल तिथं त्याच्या मागचं पाणी आतून रेटतं आणि फरश्या उकलून तळाशी येतात. काळ्या जमिनीत तर जास्तच. म्हणून कालव्यावर मधे मधे एस्केप ठेवलेले असतात, पाणी बाजूच्या नाल्यात काढून द्यायला. इथं अठ्ठाविसाव्याला एक होता. तो उघडला तर खालच्या सहा किलोमीटरमधलं पाणी निघून जायला तीन तास लागतात. पंधराच्या ऐवजी तीन. वस्ती राहते का जाते, ते या फरकावर ठरतं.

त्या टप्प्यावरचा चौकीदार पोरगेलासा होता. त्यानं आधी फोन लावला, कोणाचाच लागला नाही. माझाही नाही. मग त्यानं वस्तीतल्या एकाला मोटारसायकल काढायला लावली आणि तडक अठ्ठाविसाव्याला गेला. एस्केपचा स्क्रू रॉड गंजलेला. दोघांनी मिळून हँडल फिरवलं, तेही जमेना, तेव्हा मोटारसायकलच्या चेनचं तेल, आणि ते संपल्यावर वस्तीतून आणलेलं गोडेतेल ओतलं. पहाटे चारपर्यंत चौतिसाव्याला पाणी घोट्याएवढं उतरलं. कांदे गेले, वस्ती राहिली. सकाळी मी पोचलो तेव्हा तो भरावावर उकिडवा बसून दोन्ही तळहात बघत होता. कातडं सोललं होतं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, ‘साहेब, गोडेतेल एक किलो लागलं. त्यांचे पैसे द्यायचे आहेत.’

पुढे काय झालं ते सरकारी नोकरीत असतं तेच झालं. वरून विचारणा आली: सदर एस्केप सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय उघडून पाणी वाया घालवल्याबद्दल संबंधितावर जबाबदारी का निश्चित करू नये? मी उत्तर लिहिलं, ‘कालवा फुटल्यावर एस्केप उघडायला परवानगी लागत नाही, अक्कल लागते. ती जागेवर उपलब्ध होती.’ आमच्या दप्तर कारकुनांनी ते टंकलिखित करायला नकार दिला. म्हणाले, साहेब, ‘अक्कल’ हा शब्द पत्रव्यवहारात बसत नाही. बऱ्याच वाटाघाटींनंतर ‘प्रसंगावधान’ असं गेलं आणि प्रकरण मिटलं. मराठी पत्रव्यवहारावर माझं प्रेम जडलं ते तेव्हापासून. गोडेतेलाचं बिल मात्र मंजूर झालं नाही, कारण दरसूचीत गोडेतेल नाही. ते त्याच दप्तर कारकुनांनी आपल्या खिशातून दिलं आणि मला कळू दिलं नाही. मला ते शेऱ्यात सापडलं.

आता आभार. मुख्य अभियंत्याच्या नावावर धरण लागतं, कालवा लागतो, कोनशिलेवर अक्षरं कोरली जातात. मी खरं म्हणजे बहुतेक वेळ सह्या केल्या. माझ्या सहीच्या खाली जी माती होती ती दाबली कोणी, ओलावा बरोबर आहे का ते मुठीत घेऊन बघितलं कोणी, कंत्राटदाराचा रोलर दोन फेऱ्या कमी फिरला तेव्हा रात्री तिथं थांबून उरलेल्या फेऱ्या मारून घेतल्या कोणी, हे मला ठाऊक आहे. आरेखक मंडळींनी माझी चुकीची रेघ मला न विचारता सरळ केली आणि दाखवताना ‘साहेबांनी सांगितल्याप्रमाणे’ म्हणाले. बिनतारीवाल्यांनी पुराच्या रात्री मला अर्ध्या अर्ध्या तासाला पातळी सांगितली, आणि पहाटे पाऊस थांबल्यावर न विचारता ‘आता झोपा’ असंही सांगितलं. माझ्या वाहनचालकानं मला इतक्या खड्ड्यांतून नेलं, की हाडांच्या डॉक्टरकडे त्यालाच कमिशन मिळायला हवं. तुम्हा सगळ्यांपुढे हात जोडतो. वाकून नमस्कार केला असता, पण त्या खड्ड्यांमुळेच आता वाकता येत नाही.

नव्या मुख्य अभियंत्यांसाठी दोन कामं ठेवून चाललोय. मान्सूनपूर्व तपासणीत सगळ्या एस्केपच्या स्क्रू रॉडना ग्रीस लावायचं अंदाजपत्रक माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. रक्कम इतकी लहान आहे की ती कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि म्हणूनच दरवर्षी राहून जाते. पावसाळ्याच्या आत मंजूर करा. आणि मामा गेल्यावर त्या धरणाच्या चौकीचं पद रिक्त आहे. तिथं आता यंत्र बसवायचा प्रस्ताव आहे. दर तासाला गेज आपोआप मुंबईला जाईल म्हणतात. जरूर बसवा. फक्त त्यात शेऱ्याचा रकाना ठेवलाय का, तेवढं विचारून घ्या.

राहता राहिलं माझं खासगी काम. आमची वडिलोपार्जित सव्वादोन एकर जमीन आहे. कुठे, तर याच कालव्यावर, एकोणसाठाव्या किलोमीटरच्या चारीवर, अगदी शेवटाला. नोकरीत असताना मी तिथं पाणी मागितलं नाही, कारण मिळालं असतं तर लोक बोलले असते आणि मिळालं नसतं तर घरचे. आमच्या चारीवर अजून पाणीवापर संस्थाही झालेली नाही. तेव्हा हा नमुना नंबर सातचा अर्ज मी आज सोबत आणलाय. खरीप, भुईमूग, सव्वादोन एकर. थकबाकी नाही, सातबाराचा उतारा जोडलाय. बाई, तुम्ही आता त्या उपविभागाला आहात ना? मग हा घ्या, आवक क्रमांक टाका आणि मला पोच द्या. हो, आत्ताच. उद्यापासून मला ओळख दाखवायची गरज नाही. आणि चहा आला असेल तर मागच्या रांगेपासून द्यायला सुरुवात करा.